भिंतीखाली सापडलेल्याचे प्राक्तन

मंगळवेढ्याच्या गावकुसाचे काम चालू होते. वेठीला धरलेले मजूर दगडमाती वाहत होते. भिंत कोसळली आणि ते ढिगाऱ्याखाली गाडले गेले. त्यांत चोखामेळा होता. साल 1338. पुढची कथा वारकऱ्यांना तोंडपाठ आहे. नामदेव आले, ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आले ती चोखोबांची म्हणून त्यांनी वेचून घेतली आणि पंढरपुरात महाद्वारासमोर समाधी बांधली. कथेचा हा उत्तरार्ध इतका गोड आहे की पूर्वार्धात दडलेला प्रश्न त्यात बुडून जातो. भिंत नेमकी चोखोबांच्याच अंगावर का पडावी?

हाच प्रश्न याच्या तेरा शतके आधी यरुशलेमात विचारला गेला होता. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसे मेली, त्या घटनेचा उल्लेख लूकच्या शुभवर्तमानात आहे. येशू लोकांना विचारतो, ती अठरा माणसे शहरातल्या बाकी सगळ्यांपेक्षा जास्त अपराधी होती असे तुम्हांला वाटते काय? आणि स्वतःच उत्तर देतो की नाही. योहानाच्या शुभवर्तमानात त्याचे शिष्य एका जन्मांधाकडे बोट दाखवून विचारतात, पाप कोणी केले, याने की याच्या आईबापांनी? जन्मतःच आंधळा असलेल्याने पाप केव्हा केले असेल, हा विचार शिष्यांच्या मनात आला नाही असे नाही, पण पापाशिवाय दुःख असते हे मानण्यापेक्षा जन्माआधीचे पाप कल्पणे त्यांना सोपे वाटले असावे. येशू दोन्ही पर्याय नाकारतो. अर्थात तो लगेच, पश्चात्ताप न केलात तर तुमचेही असेच होईल, असेही शिलोहाच्या संदर्भात म्हणतो, त्यामुळे हिशेब पूर्ण मिटलेला नाही. पण मेलेल्या अठरांच्या अंगावरचा डाग त्याने पुसला, हे खरे.

चांगल्या देवाच्या किंवा न्याय्य व्यवस्थेच्या जगात दुःख का, या प्रश्नाला दिलेल्या उत्तरांचे दोन मोठे घाट आहेत. एक ज्यू, ख्रिस्ती आणि इस्लामी परंपरांतला, दुसरा कर्मविपाक मानणाऱ्या भारतीय परंपरांतला. आपल्याकडे या दोहोंची तुलना निघाली की बहुतेक वेळा आपल्या घाटाची पाठ थोपटून ती संपते. त्यांच्या देवाला दुःखाचे उत्तर देता येत नाही, आपल्याकडे ते केव्हाच सुटले आहे, असा तो सूर असतो. तर्क म्हणून कर्मसिद्धान्त जास्त नेटका आहे, हे मला मान्य आहे. तरीही दुःख भोगणाऱ्या माणसावर तोच जास्त अन्याय करतो, असे माझे म्हणणे आहे. एकेश्वरवादात आरोपीच्या पिंजऱ्यात देव उभा असतो. कर्मवादात तिथे भिंतीखाली सापडलेला माणूसच उभा केला जातो.

एकेश्वरवादाची अडचण आधी पाहू. देव सर्वशक्तिमान आहे, देव पूर्ण चांगला आहे, आणि जगात दुःख आहे, ही तीन विधाने एकत्र नांदत नाहीत. तत्त्वज्ञ जे. एल. मॅकी यांनी 1955 साली हा विरोध काटेकोर तर्काच्या रूपात मांडला. त्यावरचे सर्वांत दमदार उत्तर स्वातंत्र्याचे आहे. माणसाला खरोखर मोकळीक द्यायची तर वाईट करण्याचीही मोकळीक द्यावी लागते, आणि मोकळीकही द्यायची व ती नेहमी चांगलीच वापरली जाईल अशी तजवीजही करायची, हे सर्वशक्तिमानालाही जमणारे नाही. आल्विन प्लँटिंगा यांनी हे उत्तर इतके घट्ट बांधले की निव्वळ तार्किक विसंगतीचा आरोप त्यानंतर बराच मागे पडला. पण ते माणसाने केलेल्या क्रौर्याला लागू पडते. भूकंपाला, बाळाच्या कर्करोगाला ते पुरत नाही. तिथे दुसरे उत्तर पुढे येते. हे जग आत्मा घडवण्याची जागा आहे, संकटाशिवाय धैर्य नाही आणि दुःखाशिवाय करुणा नाही, असे जॉन हिक यांनी 1966 साली सविस्तर मांडले. मग प्रश्न येतो तो ज्याला घडायला वेळच मिळाला नाही त्याचा.

या प्रश्नावर इस्लामी परंपरेत एक कथा सांगतात, आणि तिच्याइतका छोटा व धारदार युक्तिवाद मी या विषयात दुसरा वाचलेला नाही. अल-अशअरी हा मुअतझिली पंथाचा शिष्य. देव न्यायाने बांधलेला आहे आणि माणसाचे हित करणे त्याला भागच आहे, असे हा पंथ मानी. अशअरीने आपले गुरू अल-जुब्बाई यांना विचारले, तीन भाऊ आहेत, एक सदाचारी म्हणून मेला, एक दुराचारी म्हणून, आणि एक लहानपणीच गेला. त्यांचे काय होईल? गुरू म्हणाले, पहिला स्वर्गात, दुसरा नरकात, तिसऱ्याला ना बक्षीस ना शिक्षा. शिष्य म्हणाला, तिसऱ्याने तक्रार केली की मला जगू दिले असतेस तर मीही स्वर्ग कमावला असता, तर? गुरू म्हणाले, देव सांगेल, तू मोठा होऊन पापी होणार हे मला ठाऊक होते, तुझ्या भल्यासाठीच तुला लवकर नेले. मग शिष्य म्हणाला, तेवढ्यात नरकातून दुसरा भाऊ ओरडला, माझेही तुला ठाऊकच होते, मग मला का नाही लहानपणी नेलेस? गुरूंकडे उत्तर नव्हते. अशअरी तो पंथ सोडून गेला आणि देवाची करणी माणसाच्या न्यायाच्या मापाने मोजायचीच नाही, या भूमिकेवर स्थिरावला. कथा घडली असेल नसेल, तिचा मुद्दा पक्का आहे. देवाला न्यायाने बांधले तर तो हिशेबात सापडतो. हिशेबातून सोडवला तर ‘देव न्यायी आहे’ या वाक्याचा अर्थ आपल्याला कळेनासा होतो.

आता कर्मवादाकडे वळू. ब्रह्मसूत्राच्या दुसऱ्या अध्यायात, पहिल्या पादात, चौतिसावे सूत्र थेट याच प्रश्नावर आहे: ‘वैषम्यनैर्घृण्ये न सापेक्षत्वात्’. शंकराचार्य भाष्यात आधी पूर्वपक्ष उभा करतात, आणि तो अजिबात गुळमुळीत नाही. देवादिकांना अत्यंत सुखी, पशूंना अत्यंत दुःखी आणि माणसांना मधल्या स्थितीत निर्माण करणारा ईश्वर सामान्य माणसासारखाच पक्षपाती ठरतो, आणि शेवटी सगळ्यांचाच संहार करतो म्हणून निर्दयही ठरतो. उत्तर असे, की ईश्वर स्वतःच्या लहरीने हे करत नाही, जीवांच्या धर्माधर्माकडे पाहून करतो. पाऊस सर्व शेतांवर सारखाच पडतो, पण साळीच्या बियाण्यातून साळ उगवते आणि जवाच्या बियाण्यातून जव. उत्पन्नाचे सामान्य कारण पाऊस, फरकाचे कारण बी. लगेच पुढच्या सूत्रात शंका येते, सृष्टीच्या आरंभी कर्म कुठून आले? उत्तर, संसाराला आरंभच नाही.

हे नेटके आहे हे नाकारता येणार नाही. दुःखाच्या प्रश्नाला धर्मांनी दिलेल्या उत्तरांत तर्कदृष्ट्या सुसंगत म्हणून समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर यांनी जी मोजकी निवडली, त्यांत कर्मसिद्धान्त होता. मॅकींच्या तीन विधानांपैकी ‘सर्वशक्तिमान’ हे इथे हळूच सैल झाले आहे. ईश्वर कर्मसापेक्ष आहे म्हणजे तो हवे ते करू शकत नाही. मीमांसकांनी तर कर्म स्वतःच फळ देते म्हणून ईश्वराचे हे काम काढूनच घेतले. चांगुलपणा वाचवण्यासाठी सत्तेचा काही भाग सोडला, असा हा सौदा आहे आणि मला तो प्रामाणिक वाटतो. शिवाय एकेश्वरवादाला नेहमी अडवणारा प्राण्यांच्या दुःखाचा प्रश्न इथे निदान चौकटीत बसतो. विल्यम रो यांनी 1979 साली दिलेले उदाहरण प्रसिद्ध आहे. दूरच्या जंगलात वणवा लागतो, एक पाडस होरपळते, काही दिवस तडफडते आणि मरते. ते कोणी पाहत नाही, त्यातून कोणाचा आत्मा घडत नाही. ख्रिस्ती तत्त्वज्ञांना हे पाडस अजून छळते आहे. कर्मवादी म्हणेल, त्या जीवाचाही मागचा हिशेब आहे. (पशुयोनी ही भोगयोनी, तिथे नवे कर्म नाही असेही तोच म्हणतो. म्हणजे ज्याला का आणि कशासाठी हे कळणार नाही आणि सुधारण्याची सोयही नाही, अशाला ही शिक्षा. पण ते राहू दे.)

अनादित्वाचे उत्तरही मला अर्धेच वाटते. बीजापासून अंकुर आणि अंकुरापासून बीज, या साखळीतल्या प्रत्येक कडीचे कारण मागच्या कडीत सापडते. अख्खी साखळी आहेच कशाला, आणि ती इतक्या दुःखाची का आहे, हे मात्र कोणत्याच कडीत सापडत नाही. हा आक्षेप जुना आहे, मी त्यावर फार थांबत नाही. मला जास्त महत्त्वाची वाटते ती अडचण मंगळवेढ्यात दिसते.

समजा चोखोबांवर भिंत पडली हे त्यांच्या पूर्वकर्माचे फळ. मग त्यांना वेठीला धरणारा अंमलदार कोण? चोखोबांना जे मिळायचे होते ते मिळवून देणारा तो हस्तक ठरतो. त्याने मजुरी दिली नाही, भिंतीला आधार दिला नाही, हे सगळे त्या फळाचे साधन झाले. मग त्याला पाप का लागावे? न्यायाधीशाची शिक्षा बजावणाऱ्याला आपण खुनी म्हणत नाही. परंपरेचे उत्तर असे, की फळ मिळायचेच होते, ते दुसऱ्या वाटेनेही मिळाले असते, पण अंमलदाराचा हेतू दुष्ट होता आणि त्या हेतूचे पाप त्याचे स्वतःचे. ठीक आहे. मग पुढचा प्रश्न विचारू. त्या दुष्ट हेतूमुळे चोखोबांना असे काही सोसावे लागले का, जे त्यांच्या वाट्याचे नव्हते?

इथे दोनच वाटा आहेत. ‘नाही’ म्हटले, तर जगात कोणीही कोणाचे काही वाईट करूच शकत नाही. जो मार खातो तो आपलाच मार खातो. अस्पृश्यता पाळणारा, हुंड्यासाठी सुनेला जाळणारा, दंगलीत वस्ती पेटवणारा, हे सगळे फार तर स्वतःच्या मनाचा मळ वाढवत असतात. समोरच्यावर अन्याय असा होतच नाही. आणि समोरच्यावर अन्याय होत नसेल तर त्या हेतूला दुष्ट तरी कशावरून म्हणायचे? ‘होय’ म्हटले, तर न कमावलेले दुःखही जगात आहे हे मान्य झाले. मग कर्माने जो प्रश्न सोडवला म्हणून सांगितले तो जसाच्या तसा परत आला, की हे न कमावलेले दुःख ईश्वराने किंवा व्यवस्थेने का चालू दिले? यावर कोणी म्हणेल, त्याची भरपाई पुढच्या जन्मी होईल. म्हणू दे. पण मग हे उत्तर मुअतझिलींचेच झाले. लहान मुले आणि जनावरे यांनी भोगलेल्या दुःखाची देव परलोकात भरपाई करतो, असा त्यांचा सिद्धान्तच होता. मागे पाहणारा हिशेब आणि पुढे पाहणारा हिशेब, अडचणीत आले की एकमेकांच्याच खिशात हात घालतात.

या दोन वाटांपैकी दुसरी वाट कर्म मानणाऱ्या परंपरेतच एकाने उघडपणे घेतली आहे. संयुत्तनिकाय या पाली बौद्ध ग्रंथात मोळियसीवक नावाचा परिव्राजक राजगृहाच्या वेळुवनात बुद्धाला विचारतो, माणूस जे काही सुखदुःख भोगतो ते सगळे पूर्वकर्मामुळे, असे काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात, तुमचे काय मत? बुद्ध आठ कारणे देतो: पित्त, कफ, वात, या तिघांचा संयोग, ऋतुबदल, स्वतःची नीट निगा न राखणे, बाहेरून झालेला आघात, आणि आठवे कर्मविपाक. वेदना या आठांपैकी कशानेही होते, हे माणसाला स्वतः अनुभवाने कळते आणि जगानेही ते खरे म्हणून मानलेले आहे, म्हणून सगळ्याचे खापर पूर्वकर्मावर फोडणारे चुकत आहेत, असे तो स्वच्छ सांगतो. पुढच्या बौद्ध पंडितांनी या सुत्ताची धार बोथट करण्याचे बरेच प्रयत्न केले. मला त्यात एक वैद्यकी शहाणपण दिसते. रोग्याला आधी पित्ताचे औषध द्या, पूर्वजन्माची चौकशी आठव्या क्रमांकावर.

नैसर्गिक आपत्तीत कर्मवादाचा खरा कस लागतो, कारण तिथे एकाच क्षणी हजारोंचा हिशेब चुकता करावा लागतो. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे चारच्या सुमारास किल्लारी परिसरात भूकंप झाला. आदल्या दिवशी गणेशविसर्जन झालेले, लोक दमून झोपलेले. सुमारे दहा हजार माणसे गेली. मारले ते भिंतींनी आणि माळवदांनी. दगडाच्या जाडजूड भिंती, सांध्यात नुसती माती, आणि लाकडावर तोललेला मातीचा अवजड थर. उन्हाळ्यात घर गार राहावे म्हणून पिढ्यान्‌पिढ्या शहाणपणाने बांधलेली ही घरे आणि भूकंपप्रवण न समजला जाणारा प्रदेश, असा तो योग होता. इथे खलनायक शोधूनही सापडत नाही. कर्मवादी इथे ‘सामूहिक कर्म’ म्हणतो. पण कर्मसिद्धान्ताची सगळी इभ्रत त्याच्या वैयक्तिक काटेकोरपणात आहे. ज्याचे त्याला, तेवढ्यास तेवढे, हे त्याचे वचन. समूहाच्या पापासाठी पाळण्यातल्या बाळाला शिक्षा मिळते असे म्हटले की ते वचन मोडले. इतक्या सगळ्यांचे वेगवेगळे प्राक्तन नेमके एका पहाटे, एका परिसरात पिकले असे म्हणायचे, तर मातीच्या सांध्यांनी भिंत पडते हे कारण पुरेसे असताना ही दुसरी यंत्रणा कशासाठी, हे सांगावे लागेल.

सामूहिक हिशेबाचा मोह किती थोर माणसालाही पडतो याचे उदाहरण 1934 चे आहे. 15 जानेवारीला बिहारमध्ये भूकंप झाला आणि गांधीजींनी तो अस्पृश्यतेच्या पापाबद्दल ईश्वराने केलेली शिक्षा असल्याचे म्हटले. रवींद्रनाथ ठाकुरांनी त्याला जाहीर विरोध केला आणि गांधीजींनी तो आपल्या ‘हरिजन’मध्ये छापलाही. भौतिक घटनेला भौतिक कारणे असतात, हा ठाकुरांचा एक मुद्दा. दुसरा मला जास्त पटतो: हाच युक्तिवाद उद्या विरोधकही वापरू शकतील. झालेही तसेच. अस्पृश्यतानिवारणाच्या पापामुळेच भूकंप झाला, असे म्हणणारे सनातनी तेव्हा होतेच. भूकंपाला शिक्षा ठरवले की गुन्हा कोणता हे ज्याचे त्याने भरून घ्यावे, अशी रिकामी जागा तयार होते. आणि बिहारातल्या भूकंपात अस्पृश्यांची घरे पडली नव्हती का?

दोन्ही घाटांच्या आतून उठलेले तक्रारीचे सूर मला त्यांच्या सिद्धान्तांपेक्षा जास्त शिकवतात. बायबलमधला ईयोब सगळे गमावून राखेत बसला असताना तीन मित्र येतात आणि समजावतात, देव न्यायी आहे, त्या अर्थी तूच काहीतरी केले असशील. ईयोब ऐकत नाही. आपण जन्मलो त्या दिवसाला तो शाप देतो, देवाला वादाला बोलावतो. शेवटी देव वावटळीतून बोलतो. त्या बोलण्यात दुःखाचे कारण कुठेच नाही, पण मित्रांवर तो संतापतो. माझा सेवक ईयोब बोलला तसे तुम्ही माझ्याविषयी योग्य बोलला नाहीत, असे सांगून त्यांना प्रायश्चित्त म्हणून सात गोऱ्हे आणि सात एडके अर्पण करायला लावतो. देवाची वकिली करणाऱ्यांना देवाच्याच ग्रंथात दंड झाला आहे. एकेश्वरवादाचे हे बळ आहे. तिथे समोर कोणीतरी आहे आणि त्याच्याशी भांडता येते.

निव्वळ कर्मवादात भांडायचे कोणाशी? चोखोबांच्या नावावरच्या एका अभंगात याचे उत्तर दिसते, आणि ते वाचवत नाही. पूर्वजन्मी कृष्णाची निंदा घडली म्हणून हा जन्म, असे सांगून अभंग संपतो: ‘चोखा म्हणे विटाळ । आम्हां पूर्वींचें हें फळ ॥’ ज्याच्या तोंडचे उष्टे अन्न आणि अंगावरची वेठ समाजाने ठरवली, त्याने स्वतःलाच दोषी ठरवून टाकले. हे त्यांचे एकमेव म्हणणे नाही, देवाशी झगडणारे अभंगही त्यांचे आहेत. पण पुढच्या पिढीत सूर पार बदलतो. चोखोबांचा मुलगा कर्ममेळा म्हणतो:

आमुची केली हीन याती । तुज कां न कळे श्रीपती ॥
जन्म गेला उष्टें खातां । लाज न ये तुमचे चित्ता ॥

आणि शेवट करतो ‘कासया जन्म दिला मला’ असा. हा ईयोबाचाच प्रश्न. पण तो कर्म मानणाऱ्या समाजात उभा राहून विचारलेला आहे, म्हणून त्याची किंमत मला जास्त वाटते. ‘आमुची केली’ म्हणताना त्याने कर्त्याच्या जागी श्रीपतीला बसवले. शंकराचार्यांनी ईश्वराला ज्या आरोपातून सोडवले होते, तोच आरोप चौदाव्या शतकातल्या एका महार तरुणाने पुन्हा दाखल केला. विठ्ठलाचा भक्तिमार्ग इथे कर्मवादात नसलेली एक सोय पुरवतो, समोर उभे राहून जाब विचारता येईल असा देव.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. कर्मावर भरवसा ठेवून दुःख सोसणाऱ्या लाखो साध्या माणसांना त्यातून खरेच बळ मिळते. ते काढून घेणारे तुम्ही कोण? मला तुकोबा आठवतात. 1630 च्या दुष्काळात त्यांचा व्यापार बुडाला, अन्नान्न करीत पत्नी गेली. आणि ते म्हणाले, ‘बरें झालें देवा निघालें दिवाळें । बरी या दुष्काळें पीडा केली’. हिक यांचे आत्मा घडवणारे दुःख ते हेच, त्यांच्या तीनशेहून अधिक वर्षे आधी, आणि फार थोड्या शब्दांत. मला या अभंगापुढे हात जोडावेसे वाटतात. पण तो ‘मी’चा अभंग आहे. स्वतःच्या दिवाळ्याबद्दल बरे झाले म्हणण्याचा अधिकार तुकोबांचा होता. शेजारच्या गावात उपाशी मेलेल्या पोराबद्दल देहूच्या सावकाराने बरे झाले म्हटले असते, तर ते वाक्य तेच राहिले असते आणि त्याचा अर्थ पापाचा झाला असता. ‘माझे भोग’ असे म्हणणाऱ्या बाईचे मी काही काढून घेत नाही. ‘तिचे भोग’ असे म्हणणाऱ्या तिच्या सासरच्यांना मात्र हे वाक्य वापरायला मनाई असावी, असे मला ठामपणे वाटते.

पूर्वजन्मीच्या फळाच्या सिद्धान्ताचा उपयोग नेमका कोणाला होतो, हे बाबासाहेब आंबेडकरांनी विचारले. गरीब आणि खालच्या समजल्या गेलेल्यांच्या स्थितीची जबाबदारी राज्याला आणि समाजाला झटकता यावी, यापलीकडे त्याचा हेतू दिसत नाही, अशा अर्थाचे त्यांचे उत्तर होते. तरी त्यांनी ‘कम्म’ टाकून दिले नाही. कर्माची फळे याच जगात दिसतात, नैतिक व्यवस्था माणसाच्या कृतीवर चालते, एवढा भाग त्यांनी बौद्ध धम्मात राखला आणि मागच्या जन्माचा वारसा वगळला. अनेकांना ही काटछाट सोयीची वाटते, बौद्ध पंडितांनी तर ती बुद्धवचनाशी विसंगत आहे अशी टीकाही केली. मला ती तर्काच्या दृष्टीने बरोबर वाटते, आणि त्यासाठी आपल्याच न्यायशास्त्राचा आधार पुरतो.

जिथे धूर तिथे अग्नी, ही व्याप्ती, म्हणजे न चुकणारी सोबत, नैयायिकाला मान्य. जिथे अग्नी तिथे धूर, ही मान्य नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. ओले सरपण ही अट असेल तरच अग्नीतून धूर निघतो. आता वाईट कर्मातून दुःख निपजते, हे वादापुरते पूर्ण मान्य करू. कर्त्याला सावध करण्यासाठी ते चांगलेही आहे. पण त्यावरून, दुःख दिसले की मागे वाईट कर्म असलेच पाहिजे, असे अनुमान निघत नाही. त्यासाठी दुःख दुसऱ्या कशानेही होत नाही हे आधी सिद्ध करावे लागेल, आणि मोळियसीवकाला दिलेल्या यादीत त्याची सात कारणे वेगळी मोजून दाखवलेली आहेत.